आयेल्ट्सचा परीक्षक काय ऐकतो

आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेतला बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांत आटोपतो. टेबलाच्या अलीकडे उमेदवार, पलीकडे परीक्षक आणि मध्ये आवाज टिपणारा रेकॉर्डर, एवढाच थाट. पहिली चार-पाच मिनिटे घर, गाव, नोकरी, आवडीनिवडी अशा ओळखीच्या प्रश्नांची. मग उमेदवाराच्या हाती एक कार्ड पडते. त्याला मराठी क्लासवालेही ‘क्यू कार्ड’च म्हणतात. त्यावर एक विषय आणि तीन-चार मुद्दे छापलेले असतात. विचार करायला एक मिनिट, टिपणे काढायला कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे. शेवटची चार-पाच मिनिटे त्याच विषयाच्या अंगाने जाणाऱ्या, पण जरा अमूर्त चर्चेची. आजीच्या वस्तूवर बोलणे झाले असेल, तर समाज जुन्या वस्तू का जपतो, असे काहीतरी विचारले जाते.

उमेदवार दार ओढून बाहेर पडला, की परीक्षक चार आकडे लिहितो. पहिला आकडा ओघ आणि सुसंगती यांचा, दुसरा शब्दसंपदेचा, तिसरा व्याकरणाचा आणि चौथा उच्चारांचा. प्रत्येक आकडा शून्य ते ९ या पट्टीवरचा, पूर्णांकात, आणि चौघांचे वजन सारखे. त्यांच्या सरासरीवरून बोलण्याचा बँड ठरतो. उमेदवाराचे मत बरोबर होते की चूक, माहिती खरी होती की रचलेली, याला यात कुठेच जागा नाही. ताजमहाल आग्र्याऐवजी जयपूरला आहे असे कोणी ओघवत्या इंग्रजीत सांगितले, तरी त्यापायी गुण कापला जात नाही.

ही चार खात्यांची पद्धत २००१ पासूनची. आयेल्ट्स १९८९ मध्ये सुरू झाली. २००१ पर्यंत बोलण्याला एकच एकत्रित बँड दिला जाई आणि संभाषण कसे न्यायचे हे बऱ्याच अंशी परीक्षकाच्या हातात असे. त्यातली अडचण नंतर एका अभ्यासातून फार स्पष्टपणे पुढे आली. ॲनी ब्राउन या संशोधिकेने एकाच उमेदवार मुलीच्या, दोन वेगळ्या परीक्षकांनी घेतलेल्या दोन मुलाखती शेजारीशेजारी ठेवल्या. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक परीक्षक विषय नीट उघडून देई आणि उत्तर वाढवायला वाव ठेवी. दुसऱ्याचे प्रश्न कधी प्रश्नासारखे वाटतच नसत, त्यामुळे मुलगी एखाद्या वाक्यावर थांबून राही. मुलगी तीच, इंग्रजीही तेच, पण मुलाखती ऐकून गुण देणाऱ्यांना तिची पातळी दोन ठिकाणी वेगळी भासली. आज पहिल्या दोन भागांत परीक्षक हातातल्या संहितेतले प्रश्न जवळपास जसेच्या तसे वाचतो. मोकळेपणा मिळतो तो तिसऱ्या भागात. उमेदवारांना हा माणूस रुक्ष वाटतो, उत्तरावर तो ‘छान’ही म्हणत नाही. म्हणू नये असेच त्याला शिकवलेले असते.

चार खात्यांत नेमके काय बसते, हे एका नमुन्यावरून पाहणे सोपे. समजा, सांगलीकडची एक परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी हवी, तर तिथल्या नर्सिंग परिषदेच्या अटीप्रमाणे तिला बोलण्यात ७ बँड लागतो. तिच्या कार्डावरचा विषय आहे घरात जपून ठेवलेली एक जुनी वस्तू: ती काय आहे, कुठून आली, घरात किती वर्षे आहे आणि महत्त्वाची का वाटते. तिला आठवते आजीचे जाते. जात्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे तिला ठाऊक नाही.

ती सुरुवात करते: ‘इट्स अ... आय डोन्ट नो द इंग्लिश वर्ड, बट इट्स टू राउंड स्टोन्स, वन ऑन टॉप ऑफ दि अदर, अँड देअर्स अ वुडन हँडल. यू पुट द ग्रेन इन द होल इन द मिडल, यू टर्न इट बाय हँड, अँड द फ्लोर कम्स आउट फ्रॉम द साइड्स.’ म्हणजे एकावर एक दोन गोल दगड, वर लाकडी खुंटा, मधल्या तोंडात धान्य घालायचे, हाताने फिरवायचे, की कडेने पीठ पडते.

पुढे आजीकडे वळताना ती अडखळते. ‘माय ग्रँडमदर यूज्ड टु... यूज्ड टु सँग... सिंग, व्हेन शी... इन द मॉर्निंग, अर्ली मॉर्निंग, शी वॉज... ग्राइंडिंग.’ मग आजोबांनी ते जाते जत्रेतून आणल्याची गोष्ट येते आणि दोन वाक्ये ‘ही’ आणि ‘शी’ यांची अदलाबदल होते. जाते कोणी आणले आणि कोणी दळले, हे ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही. मराठी माणसाकडून ही चूक का होते, ते समजण्यासारखे आहे. आदराने बोलताना आपण आजीलाही ‘त्यांनी’ म्हणतो आणि आजोबांनाही ‘त्यांनी’. त्या शब्दात स्त्री-पुरुष भेद दिसतच नाही, आणि डोक्यात ‘त्यांनी’ असले की तोंडी ‘ही’ येणार की ‘शी’, ते नशिबावर.

दीड मिनिट झाले आहे. एवढ्यात परीक्षकाच्या कानात चारही खात्यांसाठी बराच पुरावा जमला आहे.

ओघाबद्दल सर्वांत पक्का गैरसमज असा, की भराभर बोलणे म्हणजे ओघ. गुणांच्या कसोट्यांत वेगाचा उल्लेख येतो तो बहुधा तक्रार म्हणून. फार सावकाश बोलणे ५ बँडच्या वर्णनात आहे, आणि फार भराभर बोलल्याने लय बिघडते हे उच्चारांच्या ६ बँडच्या वर्णनात. परीक्षक ऐकतो ते थांबे. थांबा किती सेकंदांचा, हे तो मोजत नाही. थांबा कुठे पडला आणि कशासाठी पडला, हे त्याला हवे असते.

मातृभाषेत बोलणारा माणूसही थांबतो. ‘परवा आम्ही... कुठे बरं गेलो होतो... हां, जेजुरीला.’ इथे भाषा कुठेच अडलेली नाही. आठवण शोधली जाते आहे, आणि ‘कुठे बरं’ हे शब्दच ऐकणाऱ्याला सांगतात की थांबा, येतंय. अशा थांब्याला परीक्षक आशयाचा थांबा मानतो. ९ बँडच्या वर्णनात थांबे नाहीत असे म्हटलेलेच नाही. पुढे काय सांगायचे याच्या जुळवाजुळवीसाठीच थांबले, शब्द किंवा व्याकरण शोधायला नव्हे, एवढीच तिथली अट आहे. उलट ‘यूज्ड टु... यूज्ड टु सँग... सिंग’ हा थांबा भाषेचा आहे. काय सांगायचे ते पक्के आहे, अडलेय ते क्रियापदाचे रूप. शिवाय हा थांबा वाक्याच्या पोटात पडला आहे. वाक्य संपवून, पुढच्या वाक्याआधी घेतलेला श्वास ऐकणाऱ्याला खुपत नाही. ‘यूज्ड टु’नंतरची पोकळी खुपते, कारण त्या पोकळीत ऐकणारा लोंबकळत राहतो. ५ बँडच्या वर्णनात नेमकी हीच गोष्ट आहे: वाक्याच्या मध्येच, तेही अगदी साध्या शब्दासाठी किंवा व्याकरणासाठी, वारंवार चाचपडणे.

परीक्षकाचा खरा कस लागतो तो ६ आणि ७ यांच्या सीमेवर. दोन्ही बँडांतला उमेदवार लांब बोलू शकतो. दोघेही अडखळतात, पुन्हा बोलतात, स्वतःला दुरुस्त करतात. फरक परिणामाचा आहे. ७ बँडला या अडखळण्याने सुसंगती ढळत नाही. ६ बँडला ती अधूनमधून ढळते. परिचारिकेचे ‘सँग... सिंग’ एकटेच असते तर फारसे बिघडले नसते. एक-दोन दुरुस्त्या कोणाच्याही बोलण्यात असतात. पण दुरुस्ती, मग काळाची अदलाबदल, मग ‘ही’-‘शी’चा घोळ, असे लागोपाठ आल्यावर ऐकणाऱ्याचा धागा एकदा तरी सुटला. ओघाच्या खात्यात ६ लिहिला जातो तो याच क्षणामुळे.

इथे सुसंगतीचा अर्थही लागतो. ओघ आणि सुसंगती एकाच खात्यात का, असा प्रश्न पडू शकतो. पण कानाने ऐकताना ती दोन वेगळी करता येत नाहीत. सुसंगती म्हणजे एक वाक्य दुसऱ्याला कसे धरून आहे, सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते, उत्तर प्रश्नालाच उत्तर देते का. जोडशब्द त्याला मदत करतात, पण बोलण्यातले जोडशब्द वेगळे आणि लेखातले वेगळे. क्लासमध्ये घोकलेले ‘फर्स्टली, सेकंडली, मोरओव्हर’ निबंधात शोभतात. जात्याबद्दल बोलताना कोणी ‘मोरओव्हर’ म्हणाले, तर कानाला ते लग्नाच्या पंगतीत भाषण सुरू झाल्यासारखे लागते. बोलण्यात ‘वेल’, ‘सो’, ‘बाय द वे’, ‘व्हॉट आय मीन इज’ हे काम करतात, पण तेही अर्थाला धरून आले तरच. प्रत्येक वाक्याला ‘ॲक्च्युअली’ लावणे ५ बँडच्या वर्णनात दोष म्हणून नोंदलेले आहे. आपल्याकडे ‘म्हणजे’ जसे जागा भरायला येते, तसे ते ‘ॲक्च्युअली’ येते. आधीच्या म्हणण्याला छेद देणारे पुढे काहीच येत नाही.

आता शब्दसंपदा. परिचारिकेला ‘क्वर्न’ हा शब्द माहीत नव्हता. तिला वाटले, इथेच गुण गेले. प्रत्यक्षात तिचे सर्वांत भक्कम वाक्य तेच होते. शब्द अडला तरी वस्तूचे वर्णन करून अर्थ पोचवणे, याला या खात्यात स्वतंत्र स्थान आहे. ५ बँडला असा प्रयत्न होतो, पण नेहमी जमत नाही. ६ ला तो साधारणपणे जमतो. ७ ला तो गरज पडेल तिथे परिणामकारक असतो. दोन दगड, खुंटा, तोंड, पीठ एवढ्यातून जे कधीही न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जाते उभे राहिले. शिवाय तिने ते न अडखळता सांगितले. ‘क्वर्न’ आठवला असता, तर ती बहुधा तेवढ्यावरच थांबली असती.

परीक्षक अवघड शब्दांची मोजदाद करत नाही. त्याला हवी असते लवचीकता, आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो याची जाण. मराठीत पाऊस जोराचा असतो, इंग्रजीत तो ‘हेवी’ असतो. ‘स्ट्राँग रेन’ म्हटले तर अर्थ कळतो, पण शब्दांची ही जोडी इंग्रजीत बसत नाही. आपण परीक्षा देतो, इंग्रजी माणूस ती घेतो, आणि म्हणून ‘आय गेव्ह माय एक्झाम’ हे वाक्य परीक्षकाच्या कानावर रोज पडते. दिवा ‘क्लोज’ करणे हा त्यातलाच प्रकार. अशा चुकांनी काही आकाश कोसळत नाही. ६ बँडच्या वर्णनात शब्द चुकीच्या जागी आला तरी अर्थ स्पष्ट असतो, असे म्हटलेच आहे, आणि ७ मध्येही काही चुका गृहीत धरल्या आहेत. पण ७ साठी कमी वापरातले शब्द किंवा वाक्प्रचार जमतात, शैलीचे भान आहे, याची काहीतरी खूण दिसावी लागते.

परिचारिकेने ती खूण नकळत दिली. जाते आता कोणी वापरत नाही, हे सांगताना ती म्हणाली, ‘इट्स जस्ट गॅदरिंग डस्ट, बट माय मदर वोन्ट पार्ट विथ इट.’ धूळ खात पडले आहे, पण आई ते सोडायला तयार नाही. ‘गॅदरिंग डस्ट’ आणि ‘पार्ट विथ’ हे दोन्ही इंग्रजीतल्या रोजच्या बोलण्यातले, जागच्या जागी बसणारे प्रयोग. तिसऱ्या भागात जुन्या दागिन्यांबद्दल बोलतानाही तिने असे दोन-तीन प्रयोग सहज केले. याच्याशेजारी पाठ केलेले ‘इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ ठेवून पाहावे. कुठेही घुसवता यावे म्हणून आणलेले असते, आणि तसेच ऐकू येते. शब्दसंपदेच्या खात्यात तिला ७ मिळतो.

पाठांतराचा विषय निघालाच आहे, तर तिसऱ्या भागातला एक प्रसंग सांगायला हवा. तरुण पिढीला जुन्या वस्तूंची किंमत आहे का, असे विचारल्यावर परिचारिका एका दमात म्हणाली, ‘इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड, टेक्नॉलॉजी हॅज रेव्होल्युशनाइज्ड एव्हरी आस्पेक्ट ऑफ अवर लाइव्ह्ज.’ वाक्य निर्दोष आहे. पण परीक्षकाच्या कानाला चार गोष्टी एकदम खटकतात. वेग अचानक वाढला. आवाजाची चढउतार थांबून सूर सपाट झाला. शब्दांची पातळी मागच्या-पुढच्या वाक्यांशी जुळत नाही. आणि प्रश्न वस्तूंचा होता, उत्तर तंत्रज्ञानाचे आले. पाठ केलेल्या तुकड्याला उमेदवाराची स्वतःची भाषा मानत नाहीत. अगदी खाली, २ बँडच्या वर्णनात ‘पाठ केलेली वाक्ये’ असा उल्लेखच आहे. परीक्षक मग तसा ठरवून आडवा प्रश्न टाकतो: तुमच्या घरातली धाकटी मुले त्या जात्याचे काय करतात? तिथे पाठांतर संपते. परिचारिका हसून सांगते की भाचा त्यावर मोबाइल ठेवून गेम खेळतो, आणि तिचे इंग्रजी पुन्हा तिचे होते, थांब्यांसकट. गुणांचा आधार म्हणून त्या पाठ वाक्यापेक्षा हे अडखळते वाक्य जास्त उपयोगाचे ठरते.

उच्चारांचे खाते सर्वांत उशिरा नीट झाले. २००८ पर्यंत उच्चारांना फक्त २, ४, ६ किंवा ८ हेच गुण देता येत. मधले आकडे नव्हतेच. म्हणजे ६ पेक्षा बरा पण ८ पर्यंत न पोचणारा उमेदवार कुठेतरी ढकलावा लागे. मग इतर तीन खात्यांसारखी पूर्ण पट्टी आली. तरीही जुन्या घडणीची खूण उरली आहे: ५ आणि ७ या बँडांना स्वतःचे तपशीलवार वर्णन नाही. ६ ची सगळी चांगली लक्षणे आणि ८ ची काही, सगळी नव्हेत, म्हणजे ७. एका अर्थी प्रामाणिक व्याख्या आहे, पण परीक्षकाला दोन वर्णने डोक्यात धरून तिसरे मोजावे लागते.

उच्चार म्हणजे इंग्रजांसारखे बोलणे, असे कसोट्यांत कुठेही लिहिलेले नाही. ८ बँडलाही मातृभाषेची छाप चालते, समजण्यात तिचा फार अडथळा नको, एवढेच. मराठी तोंडाच्या काही खोडी ठरलेल्या आहेत. ‘व’ एकच असल्याने ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ एक होतात. ऱ्हस्व-दीर्घ इकार बोलण्यात आपण फारसे पाळत नाही, म्हणून ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ यांत गल्लत होते, आणि ‘आय वाँट टु लिव्ह हिअर’ याचा अर्थ इथे राहायचे आहे की इथून जायचे आहे, हे संदर्भावर सोडावे लागते. परिचारिकेच्या वाक्यात पिठाचा ‘फ्लाउअर’ जमिनीचा ‘फ्लोर’ झाला होता. कडेने जमीन बाहेर येते म्हटल्यावर परीक्षक अर्धा क्षण थबकला असेल, पण धान्य आणि दगड आधी येऊन गेल्याने त्याला लगेच उलगडा झाला. एखादा शब्द चुकला आणि क्वचित अस्पष्टता आली, हे ६ बँडला बसते.

पण सुटे ध्वनी हा या खात्याचा एक भाग, आणि बहुधा लहान भाग. मोठा भाग आघात, लय आणि सूर यांचा. मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला आपापला वेळ मिळतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर भार पडतो आणि मधले ‘अ’, ‘ऑफ’, ‘टु’, ‘द’ गिळल्यासारखे होतात. ‘कप ऑफ टी’ हे बोलताना ‘कपटी’च्या जवळ जाते. मराठी माणूस तिन्ही शब्दांना समान मान देतो, आणि त्या समानतेमुळे इंग्रजी कानाला महत्त्वाचे काय ते उचलता येत नाही. शब्दातला आघातही असाच. ‘फोटोग्राफ’चा भार पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’चा दुसऱ्यावर. दोन्हीकडे पहिल्यावर दिला, की ऐकणाऱ्याला शब्द जुळवायला क्षणभर लागतो.

याच बाबतीत परिचारिका ६ च्या पुढे गेली. जाते विकण्याबद्दल बोलताना तिने म्हटले, ‘शी डझन्ट यूज इट, बट शी वोन्ट सेल इट.’ यात ‘यूज’ आणि ‘सेल’ या दोन शब्दांवर तिने नेमका भार दिला, आणि ‘बट’च्या आधी सूर थोडा वर धरला. आईचा हट्ट शब्दांत नव्हता, आवाजात होता. बारीक अर्थ सुरातून पोचवणे हे ८ बँडचे लक्षण आहे. तिला ते सगळीकडे जमले नाही, कित्येक वाक्ये सपाट गेली, पण ६ ची लक्षणे पुरी आणि ८ ची काही, म्हणजे ७.

व्याकरणाचे खाते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तिथे परीक्षक वाक्यांचे प्रकार किती आणि बिनचूक वाक्यांचे प्रमाण किती, हे पाहतो. भूतकाळात ती वारंवार घसरली, जोडवाक्ये मात्र केली. ६.

बेरीज ६, ७, ६ आणि ७, म्हणजे २६. चारने भागून ६.५. सरळ ७ साठी २८ लागले असते. कुठल्याही खात्यात साडेसहा देण्याची सोय परीक्षकाला नसते. एखाद्या बँडची चांगली लक्षणे पूर्णपणे दिसली तरच तो बँड द्यायचा, हा नियम आहे. म्हणून दोन बँडांच्या मध्ये लटकलेला उमेदवार खालच्या बँडवर येतो. परिचारिकेच्या ओघाच्या खात्यात तसेच झाले. लांब बोलण्याची तयारी ७ ची, सुसंगती ६ ची, आकडा ६ चा.

या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा? परीक्षकांना दर दोन वर्षांनी नव्याने प्रमाणित व्हावे लागते. ठरलेल्या नमुना मुलाखती ऐकून त्यांचे गुण अपेक्षित गुणांशी जुळवून पाहिले जातात. तरी कान हा कान आहे. मायकेल कॅरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या आयेल्ट्स परीक्षकांना चिनी, कोरियन आणि भारतीय धाटणीचे इंग्रजी ऐकवले. ज्या धाटणीशी परीक्षकाचा परिचय जास्त, तिच्या उच्चारांना तो जास्त गुण देण्याकडे झुकतो, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. पुण्यात वर्षानुवर्षे परीक्षा घेणाऱ्याला ‘फ्लोर’ म्हणजे पीठ हे कळायला अर्धा क्षणही लागत नाही. त्याच्या लेखी अस्पष्टता आलीच नाही. तेच रेकॉर्डिंग अशा इंग्रजीची सवय नसलेल्या परीक्षकाने ऐकले, तर त्याचा कान तिथे अडू शकतो. समजायला सोपे की अवघड हा गुण अर्धा बोलणाऱ्याचा आणि अर्धा ऐकणाऱ्याचा असतो. प्रशिक्षणाने ऐकणाऱ्याचा वाटा कमी होतो, शून्य होत नाही.

दुसरी मर्यादा परीक्षेच्या घडणीतच आहे. जात्यावर बोलता आले, तरी घाबरलेल्या रुग्णाला सुई का टोचायची हे समजावता येईल का, हे यातून कळत नाही. त्यासाठी आरोग्यक्षेत्रातल्यांकरिता ओईटी ही वेगळी परीक्षा आहे, आणि ब्रिटनची नर्सिंग परिषद तीही मान्य करते. त्यात उमेदवार परिचारिकेच्या भूमिकेत आणि समोरचा रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या, असे दोन प्रसंग वठवायचे असतात. ओघ आणि सुबोधता तिथेही तपासतात, पण त्यांच्या जोडीला रुग्णाचे ऐकून घेतले का, माहिती बेताबेताने दिली का, याचेही गुण असतात.

निकाल पटला नाही, तर आयेल्ट्सच्या उमेदवाराला सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. शुल्क भरावे लागते, आणि बँड बदलला तर ते परत मिळते. बोलण्याच्या फेरतपासणीत दुसरा, अनुभवी परीक्षक रेकॉर्डिंग ऐकतो. पहिल्या परीक्षकासमोर बसलेल्या उमेदवाराचे हातवारे, खुंटा फिरवून दाखवणारी मनगटाची हालचाल, भाच्याच्या आठवणीने आलेले हसू, यातले काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या कानाशी असतो तो फक्त आवाज, आणि त्या आवाजातले थांबे.